हात उधार द्या

कॉलेजात ज्योत्स्ना मॅडम आम्हाला एक गोष्ट सारखी बजावायच्या. ‘‘भाषांतर तपासताना जिथं हसू येतं तिथली चूक आपोआप सापडते गं. जिथं हसू येत नाही, तिथं मूळ मागवून घ्यायचं.’’ मी मान डोलवायचे आणि विसरून जायचे. मॅडमना लग्नपत्रिकेतही चूक दिसायची. अशा माणसाचं किती मनावर घ्यायचं? शिवाय हसू आणणाऱ्या चुकाच आमच्या बऱ्हाणपुरात इतक्या, की न हसवणाऱ्या चुका शोधायला वेळ कुणाला!

इथल्या शनवारा भागात भूपेंद्रचं फ्लेक्सचं दुकान आहे. भूपेंद्रला मराठी येत नाही, पण मराठी बोर्ड तो रोज छापतो. गिऱ्हाईक हिंदीत नाहीतर इंग्रजीत मजकूर देतं, भूपेंद्र तो फोनमध्ये चिकटवतो, फोन मराठीसारखं काहीतरी ओकतो आणि मशीन ते लालपिवळ्या अक्षरांत छापून बाहेर टाकतं. एकदा एका दवाखान्याच्या दारावर मी वाचलं, ‘आमच्या महिला डॉक्टर रोज बसतो, तो तुम्हाला प्रेमाने तपासेल.’ कडेवर ताप आलेली माझी लेक मीरू होती, तरी मी दारातच हसले. तिला दाखवून झाल्यावर थेट शनवाऱ्यात गेले आणि भूपेंद्रला म्हटलं, ‘‘छापायच्या आधी मला दाखवत जा. निदान बाईला बाई राहू दे.’’

‘‘दीदी, लोग समझ लेते हैं ना?’’

‘‘लोक समजून घेतात म्हणून तू शेण छापणार?’’

त्याला राग येत नाही. हाच त्याचा सगळ्यात मोठा दोष. पण दुसऱ्या दिवसापासून व्हॉट्सअपवर बोर्डांचे फोटो यायला लागले. मीरू तेव्हा रांगायला लागली होती, म्हणजे माझा एक डोळा तिच्या तोंडात काय जातंय यावर आणि दुसरा फोनवर. बऱ्हाणपुरातल्याच लालबागच्या आमच्या दोन खोल्यांत जमिनीवर पडलेलं एकही बटण, एकही शेंगदाणा माझ्या नजरेतून सुटत नसे. फोनमधल्या बोर्डांचंही तेच. ‘गरमागरम चहा मिळते.’ ‘ताजा दही मिळतो.’ म्हणजे हिंदीतली चाय बाई, म्हणून मराठीतला चहाही बाई. हिंदीतला दही बुवा, म्हणून आमचं दहीही बुवा. एका हॉटेलचा बोर्ड होता, ‘तोंडात पाणी आणणारे पदार्थ.’ तोंडाला सुटणारं पाणी या लोकांनी बादलीनं आणून तोंडात ओतलं होतं. बसगाड्यांच्या ऑफिसातला बोर्ड तर मी माझ्या नवऱ्याला, संदीपला, जेवताना वाचून दाखवला, ‘प्रवाशांनी आपल्या सामानावर एक डोळा ठेवा.’ दुसऱ्याच्या सामानावर डोळा ठेवणारे तिथं बसलेलेच असतात, आता मालकांनीही ठेवायचा.

संदीप कागद कारखान्यात आहे. थकून येतो. तो म्हणाला, ‘‘तुला मजा येते ना, बस.’’

येत होती. खोटं कशाला बोलू? लोक किती बेफिकीर असतात ते रोज फोनवर घरपोच मिळत होतं.

मग धर्मेंद्र शेठचं काम आलं.

असीरगढच्या रस्त्याला धर्मेंद्र शेठचं केळी पिकवायचं चेंबर आहे. मोठ्या गार खोल्या, जाड दारं, आत क्रेटच्या थप्प्या. हिरवी केळी आत कोंडायची, वायू सोडायचा, दार लावून ठेवायचं, चार-पाच दिवसांत पिवळा माल तयार. परदेशात केळी पाठवणाऱ्या एका कंपनीचा माणूस पाहणीला येणार होता आणि कंपनीची अट होती की सुरक्षेच्या सूचना कामगारांच्या भाषेत लावलेल्या हव्यात. कामगार सगळे खानदेशातले, तापीकाठच्या गावांचे. कंपनीनं इंग्रजी यादी पाठवली, शेठनं ती न वाचता भूपेंद्रला पाठवली, भूपेंद्रनं ती न वाचता फोनमध्ये टाकली. फोननं ती वाचली असेल तर तेवढ्यानंच.

माझ्याकडे नेहमीसारखं फक्त मराठी आलं. ‘पंखा चालू ठेवली पाहिजे.’ ‘दार बंद ठेवला पाहिजे.’ ‘तुमचं डोकं लक्षात ठेवा’, हा ठेंगण्या चौकटीवर लावायचा. आणि सगळ्यांत वर, ‘जड क्रेट उचलताना सहकाऱ्याला हात उधार द्या.’ मी भूपेंद्रला फोन करून विचारलं, हात परत कधी मिळणार, व्याज किती? तो म्हणाला, ‘‘दीदी, आप ठीक कर दो ना, मशीन चालू है.’’

मी ठीक केलं. पंख्याला पुरुष केलं, दाराला नपुंसक केलं, उधारीचा हात सोडवून ‘एकमेकांना हातभार लावा’ केलं. त्या सगळ्या घाणीत एकच बोर्ड नीट होता, ‘दार उघडल्यानंतर प्रवेश फक्त ३० मिनिटांपर्यंत.’ व्याकरण सरळ, अर्थही सरळ. गार खोलीचं दार किती वेळ उघडं ठेवणार? लवकर जा, लवकर या. त्याला मी बरोबरची खूण पाठवली आणि खाली लिहिलं, ‘चला, एक तरी माणसानं लिहिल्यासारखं आहे.’ तेवढ्यात मीरूनं चपलेचा पट्टा तोंडात घातला आणि मी तिच्याकडे धावले.

पाहणी झाली. कंपनीच्या माणसानं बोर्ड मोजले, फोटो काढले आणि निघून गेला. त्याला मराठी येत नव्हतं. म्हणजे ज्याला इंग्रजी येत होतं त्यानं मराठी बघितलं, ज्यांना मराठी येत होतं त्यांनी इंग्रजी बघितलं नाही, आणि सगळे खूश.

पंधरवड्यानं चुडामण मामा आला. माझ्या आईचा धाकटा भाऊ. उंच, हडकुळा, डोक्यावर कायम पांढरी टोपी. आयुष्यभर केळीच्या बागांत घड कापायचं काम केलं, आता गुडघे बोलायला लागले म्हणून धर्मेंद्र शेठच्याच चेंबरमध्ये लागला होता. मामाला एक खोड आहे, दिसेल तो बोर्ड मोठ्यांदा वाचायचा. मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकला त्याचा त्याला आजही अभिमान. लहानपणी आम्ही त्याच्याबरोबर बाजारात जायला लाजायचो.

मीरूला मांडीवर घेऊन तो म्हणाला, ‘‘रंजू, तुह्या हातचे बोर्ड वाचले बरं म्या. मस्त झाले. शेठबी लय खूश हाये.’’

‘‘शेठला मराठी कळतं?’’

‘‘त्याले एक बोर्ड बराबर कयला. अर्ध्या तासाचा.’’ मामा हसला. ‘‘पयले उखर्डू दादा व्हता ना तिथं, जुना माणूस, त्यानं सगळ्यायले वळण लावलं व्हतं. दार उघडलं का कोणी आत जायाचं नाई. पंखा लावाचा आन बाहेर सावलीत बसून च्या प्याचा. अर्धा तास. म्हणे, खोलीले आधी श्वास घेऊ द्या. शेठचा नुसता जीव जळे. उखर्डू दादा लेकीकडे राह्याले गेला, आन मंग हा बोर्ड आला. शेठनं बोटानं वाचून दाखवला. दार उघडल्यावर अर्धाच तास! आता दार उघडलं का आम्ही लगेच आत. अर्ध्या तासात थप्पी बाहेर. च्या बंद.’’

मी चहाच टाकत होते. साखरेचा डबा हातातच राहिला.

‘‘मामा, तुझी तब्येत बरी आहे ना?’’

‘‘तब्येतीले काय झालं? डोकं जड व्हते जरा. आत गेलं का धाप लागते. परवा तर पाय लटपटले, क्रेटवर बसलो. वय झालं, बाई.’’

‘‘बाकीच्यांना?’’

‘‘लोटूबी म्हणत व्हता डोकं दुखते म्हणून. शेठ म्हणे, तुमाले च्याची सवय लागली हाये, बाकी काई नाई.’’

मामा गेल्यावर मी मीरूला पाळण्यात ठेवलं आणि भूपेंद्रला फोन केला. मला ज्योत्स्ना मॅडमचा आवाज ऐकू येत होता आणि तो थांबत नव्हता.

‘‘भूपेंद्र, धर्मेंद्र शेठची इंग्रजी यादी पाठव.’’

‘‘कशाला, दीदी? काम तो हो गया. पैसा भी आ गया.’’

‘‘पाठव म्हटलं ना.’’

‘‘अरे, डिलीट की होगी...’’

‘‘तू बायकोचा वाढदिवस डिलीट करशील, पण गिऱ्हाइकाची फाईल नाही. पाठव.’’

आली. मी बोटानं ओळ शोधली. नो एन्ट्री अंटिल थर्टी मिनिट्स आफ्टर डोअर इज ओपन्ड. दार उघडल्यावर अर्धा तास होईपर्यंत आत जायचं नाही. यंत्रानं पहिला नकार गिळला, उरलेलं नीट जुळवलं आणि गुळगुळीत, शहाण्यासारखं वाक्य आम्हाला दिलं. लंगड्या वाक्यांवर मी हसत बसले होते. हे वाक्य चालत आलं आणि आत जाऊन बसलं.

पिकताना केळीही श्वास सोडतात. आपण सोडतो तोच वायू. बंद खोलीत तो साचतो, जड असतो म्हणून खालीच राहतो. दिसत नाही, वास येत नाही. माणूस आत गेला की डोकं जड होतं, धाप लागते, जास्त साचला असेल तर माणूस पडतो. हे मला त्या दुपारी फोनवर शोधून कळलं. उखर्डू दादाला शोधावं लागलं नव्हतं. त्याला जे ठाऊक होतं ते त्यानं चहाच्या कपात घालून सगळ्यांना पाजलं होतं.

मामाला फोन लावला. उचलला नाही; दुपारपाळीला गेलेला. धर्मेंद्र शेठला लावला.

‘‘शेठ, तो अर्ध्या तासाचा बोर्ड उलटा आहे. कुणाला आत जाऊ देऊ नका.’’

‘‘कौन? अच्छा, अच्छा, मराठीवाली मॅडम. मॅडम, ऑडिट पास झाला ना. आता बदलायचा म्हणजे परत खर्चा. तुम्हीच तर ओके केला.’’

‘‘म्हणूनच सांगते. आत वायू साचतो. माणसं चक्कर येऊन पडतील.’’

‘‘पडले तर नाही ना अजून?’’ तो म्हणाला. ‘‘गर्मी आहे, मॅडम. ह्या लोकांना बसायचा बहाना पाहिजे.’’

गार खोलीतल्या माणसांना गर्मीनं चक्कर येते हे सांगताना त्याची जीभही अडखळली नाही. मी फोन ठेवला. मीरूला कडेवर घेतलं, पिशवीत पाण्याची बाटली टाकली आणि रिक्षा पकडली. शेजारच्या मालूबाई म्हणाल्या, ‘‘इतक्या उन्हात पोरीला कुठं घेऊन जातेस?’’ मला उत्तर द्यायला थांबवेना, आणि मीरूला मागं ठेवायलाही जीव होईना. रस्ताभर मी तिच्या डोक्यावर पदर धरून बसले आणि रिक्षावाल्याला घाई करत राहिले.

चेंबरचं दार उघडं होतं. नुकतंच उघडलं असावं, उंबऱ्यावरून गार हवेचं धुकं सरपटत बाहेर येत होतं. पंखा बंद. दाराच्या बाजूला माझ्या खुणेनं पास झालेला बोर्ड, स्वच्छ, सरळ, एकही चूक नसलेला. आत क्रेट आपटल्याचा आवाज आला आणि मग थांबला.

मी उंबऱ्यापर्यंत गेले आणि थबकले. मीरू माझ्या गळ्याला चिकटली होती. आत जाणं शक्य नव्हतं. बाहेर तिला ज्याच्याकडे ठेवावं असं कुणी नव्हतं. मी ओरडले. ‘‘मामा! चुडामण मामा! बाहेर ये!’’

काही नाही. मीरू रडायला लागली. मी आणखी मोठ्यांदा ओरडले आणि गळ्यात जितका राग होता तितका त्या हाकेत ओतला. थप्प्यांच्या मधून लोटू आला, भिंतीला हात लावत. ‘‘काय झालं, ताई?’’

‘‘बाहेर ये आधी. मामा कुठं आहे?’’

‘‘मागं. बसला हाये खाली.’’

‘‘पंखा लाव! पंख्याचं बटण कुठंय?’’

ते बाहेरच होतं, दाराशेजारी. लोटूनं दाबलं. मोठा पंखा घरघरत फिरायला लागला. लोटू परत आत वळला तेव्हा मी त्याचा सदरा धरला. ‘‘तू जायचं नाहीस. दोघं पडाल.’’ आणि पुन्हा हाका. मामा, ऊठ. मामा, उभा राहा. मामा, बोर्ड वाच! काय वाटेल ते ओरडले. शेवटचं का ओरडले ते मलाच ठाऊक नाही, पण आतून त्याचा आवाज आला, जड, झोपेतल्यासारखा, ‘‘कोनता बोर्ड?’’

‘‘दारावरचा! इथं येऊन वाच!’’

तो आला. थप्पीला धरून, टोपी हातात, उंबऱ्यावर अडखळत. लोटूनं त्याला सावलीत बसवलं. त्याचा चेहरा लालभडक झाला होता आणि तो माशासारखा तोंडानं हवा ओढत होता. मी पाणी दिलं. दोन घोट पिऊन तो म्हणाला, ‘‘पोरीले कशाले रडवतेस?’’

मग शेठ आला. माझ्याकडे, मीरूकडे, फिरत्या पंख्याकडे बघितलं. म्हणाला, ‘‘गार हवा सगळी बाहेर चालली.’’

मी त्याला फोनमधली इंग्रजी ओळ दाखवली. ‘‘मला इंग्रजी येत नाही,’’ तो म्हणाला, अभिमानानं म्हणाला. मी वाचून, हिंदीत समजावून सांगितलं. मग ‘‘कंपनीवाल्याने तर पास केला,’’ म्हणाला. दोन माणसं लाल चेहऱ्यानं जमिनीवर बसलेली त्याला दिसत नव्हती, कारण ती ऑडिटच्या यादीत नव्हती.

ऑफिसच्या टेबलावरून मी जाड मार्कर उचलला. एका हातानं मीरूला धरून त्या बोर्डावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, ‘दार उघडल्यावर पंखा लावा. अर्धा तास आत जाऊ नका. बाहेर बसून चहा प्या.’ अक्षर वाकडं आलं. मीरू हात ओढत होती.

लोटूनं मोठ्यांदा वाचलं आणि हसला.

शेठ म्हणाला, ‘‘बाकी ठीक. चहाचं खोडा.’’

‘‘नाही खोडणार. चहाचं राहिलं तरच बाकीचं राहील.’’

तो पुटपुटत राहिला, पण मार्कर माझ्याकडेच होता. मामाकडे वळून मात्र तो म्हणाला, ‘‘रिश्तेदारांना बोलावून तमाशा करतो काय? उद्यापासून येऊ नको.’’ मामा उठला. टोपी झटकली, डोक्यावर घातली आणि रिक्षात माझ्या शेजारी येऊन बसला. रस्ताभर दुकानांचे बोर्ड गेले, त्यानं एकही वाचला नाही.

दुसऱ्या दिवशी मी शनवाऱ्यात गेले आणि भूपेंद्रला म्हटलं, आजपासून मूळ मजकूर आल्याशिवाय मी एक अक्षर तपासणार नाही. तो ‘ठीक है’ म्हणाला. मग मान खाजवत म्हणाला, ‘‘दीदी, वो चेंबरवाला सेट... और लोगों को भी दिया है. अच्छा बना था ना. रावेर साइडवाले भी ले गए.’’

‘‘कोण कोण?’’

‘‘अब किसको याद है? फाईल फॉरवर्ड होती रहती है.’’

मी काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्याला तेव्हाही राग आला नाही. त्याच्याच फोनवरून, ज्या ज्या नंबरवर तो सेट गेला होता त्यांना मी निरोप पाठवला. काहींनी अंगठ्याचं चित्र पाठवलं. काहींनी उघडलाच नाही. आणि ज्यांना तो सेट पुढं पाठवला गेला त्यांचे नंबर भूपेंद्रकडे नाहीत.

आठवडाभरानं मामीचा फोन आला. मामाला दुसरीकडे काम मिळालं, रावेर की सावद्याकडे, चेंबरच आहे, तिथंच राहायची सोय. कुणाचं चेंबर? मामीला माहीत नाही. ‘‘त्यानं सांगतलं तिथं बोर्डबी लागलेले हाये,’’ मामी कौतुकानं म्हणाली. ‘‘रंजूच्या हातचे हाये म्हणे, वळखीचे.’’

मामाचा फोन लागत नाही. गार खोलीत रेंज नसते, किंवा तो चार्ज करायला विसरतो, किंवा माझ्यावर अजून रागावलाय. रिक्षात मी समजावलं ते नोकरी गेल्याच्या रागात त्यानं किती ऐकलं, आणि त्या दुपारी मी खोडलेला बोर्ड त्यानं वाचला होता की नव्हता, ते मला ठाऊक नाही. तो वाचला तो लोटूनं. आणि मामाचा छापील अक्षरावर जितका विश्वास आहे तितका हातानं लिहिलेल्यावर नाही. संदीप म्हणतो रविवारी जाऊन शोधू. रविवारी मी जाईनच. पण रोज दार उघडतं, रविवारची वाट बघत नाही.

म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही रावेर-सावद्याकडचे असाल, किंवा त्या बाजूला जाणार असाल, तर रस्त्याला केळीची चेंबरं दिसतील. जाड दारं, बाहेर पिवळ्या क्रेटच्या थप्प्या. तिथं थांबा आणि चुडामण नावाचा माणूस आहे का विचारा. उंच, हडकुळा, पांढरी टोपी. दार उघडलेलं असेल, पंखा फिरत असेल आणि तो बाहेर सावलीत चहा पीत बसला असेल, तर त्याला काही विचारू नका; रंजूनं विचारलंय एवढंच सांगा आणि मला कळवा. पण दार उघडं असेल आणि तो बाहेर दिसला नाही, तर तुम्ही आत जाऊ नका. पंखा लावा. उंबऱ्यावर उभे राहा आणि त्याला नावानं हाक मारा, मोठ्यांदा, तो ‘ओ’ देईपर्यंत.